गफ्फारभाईचं ‘कायच्यापेक्षा?’

दारव्ह्याच्या बसस्टँडवर उतरून शिलाई मशीनवाल्या गफ्फारचं दुकान विचारलं, तर सांगणारा आधी हसतो, मग हात दाखवतो आणि वरून बजावतो, "सांभाळून जा, भाऊ. म्हातारा खेकसते." खोटं नाही. चाळीस वर्षांपासून मी त्याला ओळखतो आणि या चाळीस वर्षांत तो शांत बसलेला मी दोनदाच पाहिला. एकदा त्याची दाढ काढली होती तेव्हा, आणि दुसऱ्यांदा कधी, ते पुढं येईलच.

अंगानं काडी. चष्म्याची एक दांडी मशीनच्या दोऱ्यानं बांधलेली. कानावर पेन्सिल ठेवतात तसा त्याच्या कानावर स्क्रू पिळायचा बारका पेचकस, आणि शर्टाच्या कॉलरला चारदोन सुया टोचलेल्या. गळाभेट घेताना मी आधी त्याची कॉलर पाहतो, ईदच्या दिवशीसुद्धा. एकदा पाहिली नव्हती. त्याची खूण अजून गालावर आहे.

तर या माणसाच्या रागाचं मूळ एका प्रश्नात आहे. आपल्याकडं गिऱ्हाईक दुकानात येतं ते अर्धा प्रश्न घरी ठेवून. एका वस्तूवर बोट ठेवतं आणि विचारतं, "भाऊ, कोणती चांगली? ही का?" आता ‘कोणती’ म्हटलं म्हणजे निदान दोन पाहिजेत. दुसरी कुठं आहे? ती त्याच्या पोटात असते. मेव्हण्यानं सांगितलेली असते, शेजाऱ्याच्या घरी पाहिलेली असते, नाहीतर बायकोनं मागितलेली आणि यानं नाही म्हटलेली असते. बाकीचे दुकानदार काय करतात? बोट जिच्यावर असेल तिच्यावरून हात फिरवतात आणि म्हणतात, "एकदम बेस्ट!" गिऱ्हाईक खूश, दुकानदार खूश, आणि पोटातली दुसरी वस्तू पोटातच राहते.

गफ्फारचं तसं नाही. बोट पाहिलं की तो चष्मा वर करतो आणि विचारतो, "कायच्यापेक्षा?"

एकदा तळेगावकडचे एक गृहस्थ आले. जाकीट, मिशी, सोबत दोन माणसं. कात्रीवर बोट ठेवलं. "ही कैची चांगली का?"

"कायच्यापेक्षा?"

"म्हणजे?"

"म्हणजे ब्लेडपेक्षा चांगली हाय, कुऱ्हाडीपेक्षा वाईट हाय. देऊ का बांधून?"

ते गृहस्थ त्या दुकानाची पायरी पुन्हा चढले नाहीत. असे किती गेले त्याची मोजदाद नाही. त्याचा मुलगा अरसलान, तीस वर्षांचा, दोन लेकरांचा बाप, आता गल्ल्यावर बसतो. तो डोक्याला हात लावून म्हणतो, "अब्बा, लोक सामान घ्यायले येतात. तुम्ही त्यांची परीक्षा घेता." गफ्फार म्हणतो, "परीक्षा नाही बेटा. मी फक्त पेपर मागतो. त्यांनी कोराच आणला तर मी काय तपासू?"

पण हा माणूस जन्मतः असा नव्हता, हे मला ठाऊक आहे, कारण ज्या दिवशी तो असा झाला त्या दिवशी मी तिथंच बाकावर बसलो होतो. तेव्हा तो उस्तादाच्या हाताखाली काम करायचा. दिग्रसकडून एक भाऊ आपल्या बहिणीला घेऊन आला. बहिणीचं नाव जैबुनबी. बुरख्यात होती, आल्या आल्या स्टुलावर बसली ती बसूनच राहिली. पायानं चालवायच्या मशीनकडं बोट करून हळूच म्हणाली, "कौनसी अच्छी है? ये अच्छी है क्या?" उस्ताद नमाजला गेलेला. गफ्फार जवान, तोंडात पान, म्हणाला, "एक नंबर, आपा!" भावानं मशीन बसच्या टपावर चढवली आणि नेली.

दोन महिन्यांनी भाऊ एकटाच आला. मशीनवर चादर टाकून ठेवली होती, म्हणाला. बहिणीचा एक पाय लहानपणच्या पोलिओनं गेलेला. ती विचारत होती ते पायाची चांगली की हाताची, असं. ‘हाताची’ हा शब्द तिच्यानं चारचौघांत बोलवला नाही, कारण तो बोलली असती तर पाय दाखवावा लागला असता. आणि गफ्फारनं विचारलं नाही. दोन महिने ती बाई रोज त्या मशीनकडं पाहत बसली.

उस्तादानं सगळ्यांसमोर गफ्फारच्या थोबाडीत मारली. मग हातानं फिरवायचा दांडा त्याच्या हातात दिला आणि म्हणाला, जा. गफ्फार बसनं दिग्रसला गेला, तिच्या घरी ओट्यावर बसून त्याच मशीनच्या चाकाला दांडा बसवला. जैबुनबीनं त्यावर तीस वर्षं शिवणकाम केलं. पण ती थापड गफ्फारच्या गालावरून उतरली नाही. त्याचा राग सगळा तिथून निघतो. लोकांना वाटतं तो गिऱ्हाइकावर चिडतो. तो तोंडात पान घेऊन ‘एक नंबर’ म्हणणाऱ्या त्या जवान पोरावर चिडतो.

आता मूळ गोष्ट सांगतो.

माझा नातू शाम, त्याची बायको उज्ज्वला. उज्ज्वला बारावी शिकलेली, हाताची मोठी गुणी. आमच्या बंजारा तांड्यातल्या बाया काचा-कवड्यांचं भरतकाम पिढ्यान्‌पिढ्या करत आल्या. फेटिया म्हणजे घागरा, काचळी म्हणजे चोळी, डोक्यावरच्या घागरीखालची चुंबळ, सगळ्यावर. हिनं त्या भरतकामाच्या पिशव्या करायच्या असं काढलं. चार बाया जमवल्या. नागपूरच्या एका दुकानदार बाईला फोटो पाठवले, आणि त्या बाईनं कळवलं, आधी एक नमुना पाठवा, बारा दिवसांत. शिवण मजबूत निघाली तर चाळीस पिशव्या घेते. पाच बायांचं स्वतःच्या नावाचं हे पहिलं काम. उज्ज्वला त्या आठवड्यात झोपेतही पिशव्या शिवत होती, असं शाम म्हणतो.

भरतकाम हातानं झालं. अडलं ते पट्ट्याशी. पिशवीला पट्टा जिथं जोडतात तिथं भरलेलं कापड, अस्तर, मधला जाड कॅनव्हास, सगळ्याची घडी पडते. सहा पदर होतात. घरात एक काळी लोखंडी पायमशीन आहे. ती माझ्या सुनेची, म्हणजे शामच्या आईची, रुक्माबाईची. तिच्या बापानं लग्नात दिलेली. त्या मशीनवर सहा पदर घातले की टाका सुटायचा. तीन टाके बसायचे, दोन गळायचे. नमुन्याचे दोन पट्टे हातात निघून आले. बारापैकी चार दिवस गेले.

शाम म्हणाला, "ते डबडं भंगारात टाक. विजेवरची पांढरी मशीन घेऊ." आणि हा बहाद्दर घेण्याच्या आधीच तांडाभर सांगून आला, की आमच्याकडं मोटरवाली मशीन येऊन राह्यली.

रुक्माबाईला हे कोणी सांगितलं नाही. आमच्या तांड्यात सुनेनं सासूच्या वस्तूला नाव ठेवायचं नसतं, बाजारात तर नाहीच. सासूच्या माहेरच्या वस्तूला तर तोंडातून शब्दही काढायचा नाही, नाहीतर सासूच्या बापाला बोलल्यासारखं होतं. म्हणून रुक्माबाईला सांगितलं, आम्ही दोरा आणायला चाललो. मीही मान हलवली. म्हातारा माणूस सोबत असला की खोट्याला वजन येतं.

बाजाराच्या दिवशी आम्ही तिघं जीपमध्ये बसून दारव्ह्याला गेलो. शाम आम्हाला आधी मोठ्या रस्त्यावरच्या काचेच्या दुकानात घेऊन गेला. तिथं पांढऱ्या मशीनी ओळीनं मांडलेल्या, एकीवर प्लास्टिकची फुलं. शामनं पहिलीवर बोट ठेवलं, "कोणती चांगली? ही का?"

"ही? एकदम बेस्ट."

मला मजा वाटली. मी दुसरीवर बोट ठेवलं, "आन् ही?"

"ही तर लाजवाब."

मी कोपऱ्यातल्या एका यंत्रावर बोट ठेवलं. "आन् हे कसं?"

"तेही टॉप, आजोबा. पण ते पाणी गरम करायचं हाय."

उज्ज्वला पदरात हसली. शामला राग आला. मी म्हटलं, "एकदा गफ्फारले दाखवून घेऊ. तिथंबी अशाच मशीनी हायत." शाम म्हणाला, "तो म्हातारा भांडते." मी म्हटलं, "म्हणूनच."

गफ्फारच्या दुकानात तेव्हा एक उघडी मशीन उताणी पडली होती आणि तो तिच्या पोटात तेल सोडत होता. अरसलाननं आम्हाला पाहिलं, स्टूल पुढं केले, चहा सांगितला. त्यानं हल्लीच चार पांढऱ्या मशीनी आणून पुढच्या फळीवर लावल्या होत्या. शाम खूश झाला. तीच मशीन! बोट ठेवलं आणि विचारलं, "चाचा, कोणती चांगली? ही चांगली ना?"

गफ्फारनं चष्मा वर केला. "कायच्यापेक्षा?"

"म्हणजे, चांगली हाय का नाही?"

"हाय ना. कायच्यापेक्षा?"

"अशीच. सगळ्यात."

"सगळ्यात म्हणजे? सुईपेक्षा? ट्रॅक्टरपेक्षा? लेका, तू ‘कोणती’ म्हणून राह्यला. दुसरी कोणती हाय तुह्या मनात, ते सांग."

शामनं उज्ज्वलाकडं पाहिलं. उज्ज्वलानं पायाकडं पाहिलं. पिशवीचा नमुना तिच्या मांडीवरच्या थैलीत होता, तिनं थैली घट्ट धरली.

"दुसरी काही नाही," शाम म्हणाला.

"मंग ‘कोणती’ काहून विचारलं? ‘ही द्या’ म्हणायचं. मी देतो. अरसलान, बांध रे."

अरसलान आनंदानं उठला. शाम मात्र जागचा हलेना. त्याला नुसती मशीन नको होती, त्याला पाहिजे होतं, की दारव्ह्याच्या गफ्फारनं ‘चांगली’ म्हटलं, हे घरी सांगता यावं. त्या एका शब्दाच्या आडून तो आईसमोर जाणार होता.

"तुम्ही नुसतं सांगा ना, चांगली हाय म्हणून!" शाम ओरडला.

"नाही सांगत!" गफ्फार दुप्पट ओरडला. हातातली तेलाची कुप्पी त्यानं फळीवर आपटली. "तुले मशीन नाही घ्याची. तुले माहा होकार घ्याचा हाय! होकार मी इकत नाही. कपडा कोणता शिवता? घरी मशीन हाय का नाही? आता तुमचं काम कशावर चालते? काहीच सांगत नाही आन् म्हणता, चांगली हाय का! मी का भविष्य सांगतो?"

"आमच्या घरचं तुम्हाले काय कराचं?"

"मंग घरीच विचार ना, इथं काहून आला?"

समोरचा चपलावाला उठून पाहायला आला. दोन बाया भाजीच्या पिशव्या खाली ठेवून उभ्या राहिल्या. अरसलान मधे पडला, "अब्बा, गिऱ्हाईक हाय ते!"

"तू चूप! तुह्यासारखंच मी बी एकदा ‘एक नंबर’ म्हटलं होतं." मग तो माझ्याकडं वळला, आणि खरं सांगतो, मला तिथून उठून जावंसं वाटलं. "आन् तुम्ही, खेमसिंगभाऊ? तुम्ही बी मुके झाले काय? इतक्या वर्षांत माह्या दुकानात इतकं गप्प कधी बसले नाही तुम्ही. म्हणजे तुम्हाले सगळं माईत हाय."

मला माहीत होतं. पण सुनेचं नाव घेऊन मी तरी काय सांगणार? मी चहा पीत राहिलो. कपात चहा नव्हता.

शाम उठला. "चल उज्ज्वला. काचेच्या दुकानातूनच घेऊ. निदान तिथं माणसासारखं बोलतात."

उज्ज्वला उठली नाही.

"चल ना वं!"

तेव्हा ती बोलली. आवाज बारीक होता, पण त्यात जे होतं ते गफ्फारच्या ओरडण्यापेक्षा गरम होतं. "नाही येत मी. चार दिवस गेले, आठ राह्यले. तुमचं तांड्यात नाव व्हावं म्हणून मशीन घ्याची, का माही पिशवी शिवून व्हावी म्हणून?" मग गफ्फारकडं वळली. "चाचाजी, घरच्या मशीनीपेक्षा. घरी काळी पायमशीन हाय. माह्या सासूची. तिच्यापेक्षा ही चांगली का, ते मले विचाराचं होतं. सकाळपासून ते तोंडातून निघून नाही राह्यलं."

एवढं बोलून तिनं थैलीतून नमुना काढला आणि फळीवर आपटल्यासारखा ठेवला. काचा खणखणल्या. "आन् हे शिवाचं हाय. पट्ट्याजवळ सहा पदर होतात. तिथं टाका सुटते."

गफ्फार शांत बसलेला मी दुसऱ्यांदा पाहिला तो तेव्हा. त्यानं नमुना उचलला, नाकाजवळ नेला, दोन बोटांनी पट्टा ताणला. सुटलेले टाके मोजले. मग हलक्या आवाजात विचारलं, "सुई किती नंबरची लावता, बेटा?"

"चौदा."

"आन् दोरा?"

"जाड. हाच."

"चौदाच्या सुईतून हा दोरा नीट सरकन कसा? आन् सहा पदरांत ती सुई वाकन." मग तो एकदम उठला. "अरसलान! पांढरी काढ. अठराची सुई लाव तिले. तिच्यावर अन्याय नको."

अरसलानचं तोंड पाहण्यासारखं होतं. नवी मशीन, खोक्यातली, दुकानातच चालवायची! पण लावली. वीज जोडली. उज्ज्वलानं नमुन्याचा कोपरा सुईखाली सरकवला. दोन पदरांवर मशीन अशी धावली, की शामनं माझ्याकडं विजयानं पाहिलं. चार पदरांवर ती हळू झाली. सहा पदरांवर मोटर गुणगुण करू लागली, मग नुसतीच घुं घुं. सुई अर्ध्यात अडकली. अरसलाननं हातानं चाक फिरवून ती काढली. खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता निघाला.

"आता ऐक," गफ्फार शामला म्हणाला, आवाज पुन्हा चढला. "ही वाईट नाही. कोण म्हणते वाईट? ब्लाउज शिवा, फॉल लावा, काज-बटन करा, या कामाले तुमच्या काळीपेक्षा ही शंभर वेळा चांगली. पण हे काम करणारी तिची मोटर नाही. पहिल्याच पिशवीत रडन. आता बोल, ‘चांगली’ म्हणून देलं असतं, तर आठव्या दिवशी तू कोणाच्या नावानं बोंबलला असता?"

शामच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"ती काळी आणा. तिचं तोंड पाह्यल्याशिवाय मी काही सांगत नाही. आजच आणा."

आजच आणा! म्हणजे रुक्माबाईला सांगणं आलं. फोन कोण करणार? शाम म्हणाला, मी नाही. उज्ज्वलाचा तर प्रश्नच नव्हता. शेवटी मी केला. मी आयुष्यात साप मारला आहे, अस्वल पाहून पळालो आहे, पण त्या फोनइतकी भीती मला कधी वाटली नाही. मी म्हटलं, "रुक्मा, तुही मशीन दारव्ह्याले पाह्यजे." तिकडून एकच शब्द आला, "कायले?" मी खरं ते सांगितलं. फोन ठेवल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो.

दोन तासांनी बसस्टँडकडून ती आली. पुढं ती, मागं जीपवाला, त्याच्या खांद्यावर गोधडीत गुंडाळलेलं मशीनचं डोकं. रस्त्यावरची माणसं बाजूला होत होती, असं मला वाटलं. दुकानात शिरली, सुनेकडं पाहिलं नाही, मुलाकडं पाहिलं नाही, माझ्याकडं तर नाहीच. सरळ गफ्फारसमोर उभी राहिली.

"माह्या बापाच्या मशीनीले वाईट कोण म्हणते?"

गफ्फारनं गोधडी उलगडली. "मी तर अजून पाह्यली नाही, बाई."

"पाह्य मंग! तीस वर्षं झाले. या शामचे शाळेचे कपडे हिच्यावर. याच्या बहिणीच्या लग्नाचे हिच्यावर. आन् आता भंगारात?" मग शामकडं वळली. "भंगार कोणाले म्हणतलं रे तू? तांड्यात सगळ्याईले सांगतलं, सांगाची राह्यली कोण? तुही आई तेवढी राह्यली होती!"

"याडी, ऐक तर..." शाम म्हणाला. याडी म्हणजे आमच्यात आई.

"काय ऐकू? दोरा आणाले चाललो म्हणे! तीन माणसं दोरा आणाले!"

गफ्फारनं तोवर मशीन उलटी केली होती. दात साफ करायच्या ब्रशनं त्यानं कापड पुढं ढकलणाऱ्या दात्यांमधली घाण काढली. चिंध्यांचा आणि धुळीचा असा लोळा निघाला, की गादीत भरावा. खालच्या बॉबिनच्या डबीची पट्टी त्यानं पेचकसानं चिमूटभर आवळली. स्वतःच्या दुकानातल्या लोखंडी पायावर डोकं बसवलं, त्याच्यावरचा चाक फिरवणारा चामड्याचा पट्टा घट्ट आहे का ते बोटानं दाबून पाहिलं. "घरचा पट्टा ढिला झाला असन. पायडल मारलं की चाक घसरते, बरोबर?"

"घसरते," उज्ज्वला म्हणाली. पहिल्यांदा सासूसमोर.

रुक्माबाईनं मान वळवली. "मंग मले काहून नाही सांगतलं?"

उज्ज्वला घाबरली होती, पण आता मागं सरली नाही. "तुमच्या मशीनीले नाव ठेवल्यासारखं झालं असतं, याडी."

"मशीनीचा पट्टा ढिला म्हणणं म्हणजे नाव ठेवणं होते का? मी का तुले खाल्लं असतं?"

खाल्लं असतं, हे तिथल्या सगळ्यांना माहीत होतं.

गफ्फारनं कॉलरमधून एक सुई काढली, अठराची, आणि लावली. दोरा ओवला. मग उठून स्टूल रिकामं केलं आणि रुक्माबाईला म्हणाला, "बसा. तुमची मशीन, तुम्हीच चालवा."

ती रागातच बसली. रागातच पायडल मारलं. उज्ज्वलानं वाकून तिच्या हाताखाली कापड धरलं, घडी सरळ केली. दोन पदर, चार पदर. सहा पदरांशी मशीन थांबली नाही. खट् खट् खट् असा जड, मोजका आवाज करत ती पलीकडं गेली. रुक्माबाईनं कापड फिरवलं आणि पुन्हा आली. मग दोरा तोडून तिनं पिशवीचा पट्टा गफ्फारच्या हातात दिला नाही, शामच्या हातात दिला.

"ओढ."

शामनं ओढला. काही झालं नाही.

"जोरानं ओढ. जेवला नाही का?"

शामनं दोन्ही हातांनी ओढला. शिवण हलली नाही. चपलावाला हसला, त्या दोन बाया हसल्या, आणि रुक्माबाईनं पहिल्यांदा श्वास सोडला. हसली मात्र नाही.

त्या दिवशी गफ्फारच्या दुकानातून काय विकलं गेलं? सहा सुया आणि एक चामड्याचा पट्टा. खोक्यातून काढलेली पांढरी मशीन अरसलाननं पुसून परत ठेवली. तो बापाशी दोन दिवस बोलला नाही, असं मला नंतर कळलं. परतीच्या जीपमध्ये रुक्माबाई पुढं, मशीन मांडीवर घेऊन. आम्ही तिघं मागं, शाळेत उशीर झालेल्या पोरांसारखे. तांड्यावर उतरेपर्यंत ती फक्त एक वाक्य बोलली, तेही पुढच्या काचेला: "सहा पदरांचं काम हाय म्हणून कोणी मले विचारलं असतं, तर मी सांगतलं असतं, सुई बदला."

नमुना सातव्या दिवशी गेला. नागपूरच्या बाईनं चाळीस सांगितल्या. भरतकाम पाच बायांनी केलं आणि पट्टे सगळे रुक्माबाईनं जोडले, कारण ती दुसऱ्या कोणाला मशीनला हात लावू देईना. उज्ज्वलाला ती रोज घालूनपाडून बोलली, पण तिनं रोज पायडलशेजारी बसवलं, आणि विसाव्या पिशवीपासून पट्टा जोडायला शिकवलं. राग तसाच होता. काम त्याच्याबरोबरच चाललं होतं.

परवा तिघी-चौघीजणी सुया घ्यायला दारव्ह्याला गेल्या होत्या, मीही गेलो. मला घरी बसवत नाही. रुक्माबाई गफ्फारच्या दुकानात स्टुलावर बसून बॉबिन निवडत होती. तेवढ्यात एक तरुण जोडपं आत आलं. त्या माणसानं फळीवरच्या पांढऱ्या मशीनवर बोट ठेवलं. गफ्फार त्या वेळी मशीनच्या पोटात डोकं घालून होता.

"चाचा, कोणती चांगली? ही चांगली ना?"

गफ्फारनं चष्मा वर करायच्या आत रुक्माबाई स्टुलावरून गरजली,

"कायच्यापेक्षा?"

तो माणूस दचकला. त्यानं बायकोकडं पाहिलं, बायकोनं पायाकडं पाहिलं.

"तिच्याकडं काय पाह्यते? तिले बोलू दे," रुक्माबाई म्हणाली, आणि पायानं दुसरं स्टूल त्या पोरीकडं सरकवलं. "बस वं. आन् घरी काय हाय, ते आधी सांग."